आईची वही आणि माझं ‘कापून घ्या’

रेवती_ना | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून आईच्या पाककृती लिहून काढतेय. आई ओट्याशी काम करता करता बोलते, मी फोनवर टिपते आणि रात्री नीट लिहून भाच्याला पाठवते. तो नोकरीसाठी हैदराबादला एकटा राहतो. आत्तापर्यंत त्याचा स्वयंपाक मॅगीपर्यंतच होता.

त्याला सोपं जावं म्हणून मी आईचे शब्द जरा गाळले, आणि तिथेच घोळ झाला. आई म्हणाली ‘काकडी कोचव’, मी लिहिलं ‘काकडी बारीक कापून घ्या’. आई म्हणाली ‘वांग्याला चिरा दे’, मी लिहिलं ‘वांगी चार भागांत कापा’. ‘गवार मोडून घे’चं झालं ‘गवार कापून घ्या’. आता अख्खी वही चाळली तर पानापानावर कापून घ्या, कापून घ्या. खाटकाची वही वाटतेय.

गेल्या रविवारी त्याने खमंग काकडी केली. ‘बारीक’ लिहिलंय म्हणून पठ्ठ्याने काकडी किसली. फोटो पाठवला त्यात वाडग्याच्या तळाशी दोन बोटं पाणी आणि वर दाण्याचं कूट तरंगतंय. खाली विचारलं होतं, “मावशी, हे वाढायचं की प्यायचं?” भरल्या वांग्यांची तर कमाल केली. माझं वाचून त्याने वांग्याच्या चार-चार फोडी केल्या, मग मसाला हातात घेऊन बसला की हा भरायचा कशात?

आईला सांगितलं तर म्हणाली, “मी कापायला सांगितलंच नव्हतं.”

तर प्रश्न असा. आईचेच शब्द ठेवू आणि प्रत्येक शब्द समजावून सांगू, की तो व्हिडिओत ऐकतो ते डाइस, मिन्स, स्लाइस, ज्युलियन वापरू? तुम्ही घरच्या पाककृती लिहिताना काय करता?

---

मुलुंडकर | शनिवार, सकाळी १०:४०

भाच्याला दोरी ओढायचा चॉपर घेऊन द्या. आमच्याकडे दोन वर्षं चालू आहे. कांदा टाकला, आठ-दहा वेळा ओढलं की काम झालं. सुरी लागतच नाही, बोटंही शाबूत राहतात.

---

रेवती_ना | शनिवार, सकाळी १०:५५

अहो, प्रश्न हत्याराचा नाहीये, शब्दाचा आहे. 🙂

---

टोपीवाला | शनिवार, दुपारी १२:०५

हॉटेल मॅनेजमेंट केलंय, सात वर्षं किचनमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. पाककृतीत ‘कापा’ हा शब्द असूच नये. पहिल्या सत्रात आमच्याकडून पोतं पोतं बटाटे चिरून घ्यायचे आणि शेफ पट्टी घेऊन मोजायचे. मोठा डाइस म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरचा चौकोन, मधला सव्वा, लहान सहा मिलिमीटरचा. ब्रुन्वाज तीन मिलिमीटरचा. ज्युलियन म्हणजे तीन मिलिमीटर जाडीची, पाचेक सेंटिमीटर लांब काडी. मिन्स म्हणजे चिरता येईल तितकं बारीक, त्याला माप नाही.

ही मापं चोचले म्हणून नसतात. एका कढईत एक फोड दोन सेंटिमीटरची आणि दुसरी एकची असेल तर लहान फोडीचा लगदा होईपर्यंत मोठी आतून कच्ची राहते.

त्यामुळे ताई, तुम्ही सरळ इंग्रजी शब्द आणि शेजारी मिलिमीटर लिहा. कोचवणे म्हणजे मिन्स, किसणे म्हणजे ज्युलियन, चिरणे म्हणजे डाइस, चकत्या म्हणजे स्लाइस. विषय संपला.

---

माई_सांगली | शनिवार, दुपारी ३:३०

टोपीवाले दादा, चकत्यांचं बरोबर आणि फोडी एकसारख्या हव्यात हेही बरोबर. बाकीचं नाही.

मी वीस वर्षं पोळी-भाजीचे डबे दिले, हाताखाली चार-पाच बायका असायच्या. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला खमंग काकडी करायला द्यायची मी. हात कळतो.

कोचवलेली काकडी कशी करतात ते सांगते. काकडी कोवळी हवी, बिया धरलेली नको. सालं काढायची आणि ती डाव्या हातात उभी धरायची. उजव्या हातात धारदार सुरी. सुरीने काकडीवर टक टक टक असे जवळ जवळ उभे घाव घालायचे, काकडी फिरवत फिरवत, सगळ्या बाजूंनी. घाव अर्ध्या सेंटिमीटरहून खोल नकोत. मनगट सैल ठेवायचं, सुरीचं वजनच काम करतं. मग ताटलीवर धरून वरचा तेवढाच थर तासल्यासारखा उतरवायचा, की बारीक बारीक लांबट कण खाली पडतात. आतला गर उघडा पडला की त्याच्यावर परत घाव, परत थर. मधे बियांचा भाग लागला की थांबायचं. तो दांडा आम्ही मीठ लावून तिथेच खाऊन टाकायचो.

यात काकडी मिन्ससारखी पाटावर भुगा होत नाही. प्रत्येक कणाला दोन-तीन बाजूंनी धारेचा स्वच्छ काप असतो, म्हणून दाताखाली कुरकुरतो. किसणी कापत नाही दादा, ती ओरबाडते. ओरबाडलं की आतलं पाणी लगेच बाहेर येतं. भाच्याच्या वाडग्यात आलं ते हेच.

आणि किसलेलं म्हणजे ज्युलियन हे तर तुमचे शेफही मान्य करायचे नाहीत. किसलेलं गाजर मुठीत दाबून बघा आणि काडीसारखं चिरलेलं दाबून बघा. एकाचा रस बोटांतून गळेल, दुसरं हात ओला करेल फार तर.

---

टोपीवाला | शनिवार, संध्याकाळी ५:१०

माई, किसण्याचं मान्य. घाईत लिहिलं. किचनमध्ये किसलेल्याला ग्रेटेड म्हणतात, ज्युलियन सुरीनेच होतं किंवा मॅन्डोलिनवर. कोचवण्याला मात्र आमच्याकडे शब्दच नाही. असा प्रकार कुठल्याच पुस्तकात शिकवला नव्हता. हातातल्या हातात सुरी चालवणं तर परीक्षेत नापास करायचे.

पण मिलिमीटरचा मुद्दा सोडत नाही. ‘बारीक’ हा शब्द फसवा आहे. माझं बारीक आणि भाच्याचं बारीक यात किसणीएवढा फरक पडला, बघा ना.

---

माई_सांगली | शनिवार, संध्याकाळी ५:४५

पट्टी घेऊन कोण बसतंय घरी? ‘हरभऱ्याच्या डाळीएवढा कांदा’, ‘बोराएवढ्या फोडी’, ‘काडेपेटीतल्या काडीसारखं आलं’ असं लिहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर वस्तू उभी राहिली पाहिजे.

---

टोपीवाला | शनिवार, संध्याकाळी ५:५२

बोर कुठलं पण? गावठी की ते सफरचंदाएवढं? 😀

---

कुडाळची_सई | शनिवार, रात्री ८:२०

मज्जा येतेय वाचायला. आमच्याकडचं थोडं.

नारळाच्या बाबतीत एकच चूक सगळीकडे दिसते. ओला नारळ खवतात, सुकं खोबरं किसतात. खवणीचं पातं गोल दातेरी असतं, त्याने ओलं खोबरं मऊ, चुरा चुरा निघतं आणि वाटपात पटकन मिळतं. सुकी वाटी खवणीवर घेतलीत तर ती घसरते आणि पातं बोटात जातं. आता ‘खोबरं कापून’ असं कुठे लिहिलं असेल तर तो माणूस कातळ्या करून मिक्सरात घालणार, आणि वाटपात कण राहणार. कातळ्या आम्हीही करतो, पण त्या उसळीत किंवा नुसत्या गुळाबरोबर खायला.

दुसरं म्हणजे वांग्याचे काप. इथे काप हे पदार्थाचंच नाव आहे. मोठ्या वांग्याच्या गोल चकत्या, जेमतेम अर्धं बोट जाड, मीठ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात. पातळ झाल्या तर तेल पिऊन लोळागोळा होतात, जाड झाल्या तर बाहेरून रवा करपतो आणि आत वांगं चामट. ‘वांग्याचे काप करा’ असं कोणी लिहिलं तर आमचा माणूस जेवायला बसेल, फोडी करायला नाही.

आणि मासे असतील तर ‘कापणे’च म्हणतो आम्ही. बहुतेक म्हणूनच माझी आजी भाजीला कधी कापते म्हणायची नाही. भाजी चिरायची, मासे कापायचे. रेवतीताईंच्या आईंचंही तेच असावं.

---

रेवती_ना | शनिवार, रात्री ८:४१

सई, आईला आत्ता विचारलं. हसली आणि म्हणाली, “आमच्याकडे तर अख्खा लाल भोपळा बाईने पहिला फोडायचाच नाही. बाबांनी सुरी लावली की मग मी चिरायला घ्यायचे.” आता बाबा नाहीत, तर शेजारच्या आठवीतल्या मुलाला हाक मारते. मी तिच्याशी वाद घालणं सोडलंय.

---

लेस्टरची_मीनल | रविवार, मध्यरात्री १:१५

इंग्रजी शब्द वापरणार असाल तर एक सावध सूचना. इथे इंग्लंडात दुकानात नुसतं ‘मिन्स’ लिहिलेलं असतं तेव्हा तो खिमा असतो. लग्न होऊन नवीन आले तेव्हा कुठल्यातरी कृतीत ‘पाचशे ग्रॅम मिन्स’ वाचून मी विचारात पडले होते की नक्की काय मिन्स करायचंय. क्रियापद समजून बसले, नाम होतं ते.

दुसरं मापाचं. ‘एक वाटी चिरलेला कांदा’ आणि ‘एक वाटी कांदा, चिरून’ यात फरक आहे. पहिल्यात आधी चिरायचं, मग मोजायचं. आणि चिरण्याचा प्रकार बदलला की वाटीत मावणारा ऐवज बदलतो. एक मध्यम गाजर मोठ्या फोडी करून वाटीत टाका आणि दुसरं तेवढंच किसून टाका. फोडींच्या मधे पोकळी राहते, कीस दाबला की खाली बसतो. म्हणून मी लिहिताना ‘दोन मध्यम गाजरं, किसून’ असंच लिहिते. नग आधी, क्रिया नंतर. घरच्या कृतीत हे सगळ्यात सुरक्षित.

---

अकोलेकर | रविवार, सकाळी ८:३०

ठेच्याचं कोणी बोललंच नाही. ठेचणे आणि वाटणे यातला फरक पोरांना शिकवा आधी. ठेचा मिक्सरमधून काढणाऱ्याला मी हात जोडतो. हिरव्या मिरच्या, लसूण तेलावर परतून, जाडं मीठ घालून खलबत्त्यात किंवा तव्यावरच तांब्याच्या बुडाने ठेचायचं. मिरचीची साल दिसली पाहिजे, बी दिसली पाहिजे. मिक्सरातून निघते ती चटणी. चव वाईट नसते, पण तो ठेचा नाही.

---

माई_सांगली | रविवार, सकाळी ९:१०

अकोलेकर, लसणाचंच पुढे सांगते, कारण एकच पाकळी चार तऱ्हांनी वागते. अख्खी तेलात टाकली तर गोडसर, मऊ होते. काप करून फोडणीत टाकली तर कडा तांबूस होतात आणि वास सौम्य राहतो. ठेचून टाकली की घरभर वास. वाटून कच्ची कालवली तर जीभ झोंबते. पाकळी जितकी मोडावी तितका तिचा उग्रपणा बाहेर येतो, अख्ख्या पाकळीला तसा वासच नसतो फारसा.

आणि ठेचलेला लसूण काप केलेल्यापेक्षा लवकर जळतो. ज्याने वहीत ‘लसूण कापून फोडणीत’ वाचलं आणि घरात ठेचून टाकला, त्याची डाळ कडू होणार. तेवढ्यासाठी शब्द नीट लिहायचा.

---

रेवती_ना | रविवार, सकाळी ९:३५

माई, गवारीचं पण सांगाल का? आई म्हणते सुरी लावायचीच नाही. भाचा म्हणतो, व्हिडिओत जुडी धरून एकदम कापतात, दोन मिनिटांत होतं. खरंच फरक पडतो की सवयीचा भाग आहे?

---

माई_सांगली | रविवार, सकाळी १०:२०

पडतो. गवार, घेवडा, वालपापडी या शेंगांच्या कडेला शीर असते. टोक हाताने मोडलं की ते सुटं होत नाही, शीर धरून लोंबकळतं. तसंच खाली ओढलं की अख्खी शीर दोऱ्यासारखी निघून येते. सुरीने टोक उडवलं तर शीर टोकाशीच तुटते आणि बाकीची शेंगेत राहते. मग भाजी शिजते झकास, पण जेवताना प्रत्येक घासाला तोंडातून दोरा काढायचा.

दुसरं म्हणजे मोडताना शेंग सांगते कोवळी आहे की जून. कोवळी कट्कन मोडते. जून वाकते, चिवटपणा करते. ती बाजूला टाकायची. सुरीला हे कळत नाही, ती सगळं सारखंच कापते.

आजकाल बिनशिरेच्या फरसबी मिळतात, त्या खुशाल जुडी धरून चिरा. अगदी कोवळी गवारही चालेल. पण भाच्याला बाजारात काय मिळेल सांगता येत नाही, म्हणून वहीत ‘मोडून’ असंच राहू दे.

---

मुलुंडकर | रविवार, सकाळी १०:३०

चॉपरमध्ये गवार होत नाही, हे खरं. एकदा केली होती. भिजवलेल्या कुट्टीसारखी दिसत होती.

---

टोपीवाला | रविवार, दुपारी १:००

आता कांद्यावर या. माझ्या मते घरच्या पाककृतीत सगळ्यात जास्त घोळ कांद्याचाच असतो. ‘उभा चिरलेला कांदा’ म्हणजे काय? किचनमध्ये आम्ही सांगताना देठापासून मुळापर्यंत असं स्पष्ट सांगतो. कांदा सोलून देठ-मुळं धरून अर्धा करायचा, मग त्याच दिशेने पातळ पाकळ्या काढायच्या. असा कांदा शिजवताना आकार धरून ठेवतो, कारण त्याचे धागे लांबीला असतात. आडवा, म्हणजे धाग्यांना छेदून चिरलात तर तो लवकर मऊ पडतो आणि रश्श्यात विरघळतो.

बिर्याणीसाठी तळायचा कांदा उभा आणि एकसारखा पातळ. त्यात जाड-बारीक झालं की बारीक काळा पडतो आणि जाड पांढराच राहतो. मग सगळा कांदा एक तर कडू, नाही तर मऊ.

---

कुडाळची_सई | रविवार, दुपारी १:२५

आमच्याकडे उभा कांदा म्हणजे तुम्ही म्हणता तोच. भजीलाही तोच. उभा पातळ चिरून, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचा. त्याला सुटेल तेवढ्याच पाण्यात बेसन कालवायचं, वरून पाण्याचा थेंब नाही. बारीक चौकोनी चिरून केली तर भजीचा वडा होतो, खेकड्यासारखे पाय सुटत नाहीत.

पण माझी जाऊ मिरजेची. ती कांदा पाटावर देठावर उभा ठेवते आणि गोल चकत्या करते, त्याला उभा म्हणते. घरात दोनदा यावरून बोलणं झालंय.

---

माई_सांगली | रविवार, दुपारी २:४०

मिरजेची आहे म्हणून नव्हे. मी मिरजेहून दहा किलोमीटरवर आहे आणि मी तुमच्यासारखंच म्हणते. घराघराचा प्रकार आहे. विळीवर चिरणाऱ्यांचं अजून वेगळं. विळीला कांदा हातात असतो, पातं स्थिर. उभं-आडवं हाताच्या हिशेबाने ठरतं.

---

टोपीवाला | रविवार, दुपारी २:५५

म्हणून म्हणतो, ‘उभा’ एवढंच लिहू नका. ‘देठापासून मुळाकडे’ लिहा.

---

माई_सांगली | रविवार, दुपारी ३:०५

हे मात्र घ्या लिहून, रेवती. दादांचं बरोबर आहे इथे.

---

रेवती_ना | रविवार, रात्री ९:५०

आज दुपारी आईबरोबर बसून खमंग काकडी नव्याने लिहिली. आईचे शब्द ठेवलेत, आणि जिथे भाचा अडकेल तिथे हात कसा चालवायचा ते लिहिलंय. कापणे फक्त एकदा आलंय, बघा.

*खमंग काकडी, दोन माणसांना*

दोन मध्यम कोवळ्या काकड्या घे. दोन्ही टोकं कापून टाक आणि आतला एक तुकडा चाखून बघ. कडू लागली तर ती काकडी बाजूला ठेव, दुसरी घे. सालं काढ.

आता काकडी कोचव. डाव्या हातात उभी धर, अंगठा खालच्या बाजूला, पात्याच्या वाटेत नको. धारदार सुरीने वरून जवळ जवळ उभे घाव घाल, जास्तीत जास्त नखाच्या रुंदीइतके खोल. काकडी फिरवत सगळीकडून घाव झाले की वरचा थर ताटलीत उतरव. कण तांदळापेक्षा मोठे आणि काडीपेक्षा लहान पडले पाहिजेत. बिया लागल्या की थांब. सवय नसेल तर पाटावर आधी पातळ चकत्या कर, त्या एकावर एक रचून काड्या कर, मग काड्या आडव्या बारीक चिर. वेळ लागेल, पण बोट वाचेल. किसायची नाही.

तीन चमचे दाण्याचं कूट घाल. कूट भरड हवं, पीठ नको. मिक्सर फिरवताना एक-दोन झटके देऊन थांब, नाहीतर दाण्याला तेल सुटतं आणि त्याचा गोळा होतो. दोन चमचे खवलेलं ओलं खोबरं, एक चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस, मूठभर कोथिंबीर बारीक चिरून.

एक चमचा तुपात अर्धा चमचा जिरं तडतडू दे, त्यात एक हिरवी मिरची. मिरची चिरून घातलीस तर तिखट कमी, ठेचून घातलीस तर जास्त. फोडणी काकडीवर ओत.

मीठ अगदी पानं वाढताना घाल. आधी घातलंस की मीठ काकडीतलं पाणी ओढून काढतं. झाल्यावर वाडगा तिरका करून बघ. कडेला चमचाभर पाणी आलं तर ठीक, ओघळ वाहिला तर मीठ लवकर पडलंय किंवा काकडी किसलीयस.

आई म्हणाली, शेवटचं वाक्य काढ, पोराला वाईट वाटेल. मी ठेवलंय.

---

लेस्टरची_मीनल | रविवार, रात्री १०:३०

सुंदर. फक्त ‘नखाच्या रुंदीइतके’ हे करंगळीचं नख की अंगठ्याचं? टोपीवाले येतीलच पट्टी घेऊन.

---

टोपीवाला | रविवार, रात्री १०:३४

आलो. करंगळीचं.

---

अकोलेकर | रविवार, रात्री १०:५०

पाणी सुटायच्या भीतीने मीठ शेवटी घालता ते ठीक. पण आमच्याकडे उलट करतात. कोचवलेल्या काकडीला आधीच मीठ लावून दहा मिनिटं ठेवतात, मग घट्ट पिळून पाणी काढून टाकतात आणि नंतर कूट घालतात. काकडी अधिक कुरकुरीत लागते आणि नंतर पाणी सुटत नाही. पंगतीला तर हेच बरं, अर्धा तास राहते.

---

माई_सांगली | सोमवार, सकाळी ७:१५

पंगतीला मीही पिळायची. पण पिळलेल्या पाण्याबरोबर काकडीचा वासही जातो. घरी दोघांसाठी करताना मी नाही पिळत. आणि पिळलेलं पाणी टाकू नये, कणकेत घालावं.

---

भाचा_हैद्राबाद | बुधवार, रात्री ११:२०

नमस्कार, मीच तो. मावशीने लिंक पाठवली, नोंदणी केली. इतक्या लोकांनी माझ्या कोशिंबिरीवर चर्चा केलीय, धन्यवाद म्हणू की लाज वाटून घेऊ कळत नाही.

आज परत केली. हातात धरून कोचवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या घावाला काकडीचा तुकडाच उडाला, म्हणून मावशीने दिलेल्या दुसऱ्या रस्त्याने गेलो. चकत्या, मग काड्या, मग बारीक. दोन काकड्यांना बावीस मिनिटं लागली. वाडगा तिरका केला तर चमचाभर पाणी, मोजलं नाही पण तेवढंच होतं. चावताना आवाज आला, तो मागच्या वेळी आला नव्हता.

भरली वांगी शनिवारी करणार आहे. त्यात आजीने ‘देठ ठेवून चार चिरा’ सांगितलंय. चिरा देठाकडून सुरू करायच्या की खालच्या टोकाकडून? आणि देठाच्या किती जवळ थांबायचं?

---

माई_सांगली | गुरुवार, सकाळी ६:५०

खालच्या टोकाकडून, बाळा. वांगं देठावर धरायचं, टोकाकडून अधिक चिन्हासारखे दोन घाव, आणि देठाच्या आधी बोटभर जागा सोडून थांबायचं. चिरल्यावर लगेच मिठाच्या पाण्यात सोड, नाहीतर आतून काळी पडतात. चार पाकळ्या उघडल्या पण सुटल्या नाहीत, म्हणजे जमलं.

---

कुडाळची_सई | गुरुवार, सकाळी ९:०५

आम्ही देठाकडूनही चिर देतो, टोक जोडलेलं ठेवून. देठ अर्धा उडवलेला असतो. दोन्ही तऱ्हांनी भरता येतात, पण तिरफळाचा मसाला पातळसर असतो, तो खालून सांडत नाही असं आई म्हणायची. खरं-खोटं तिला माहीत.

---

रेवती_ना | गुरुवार, सकाळी ९:४०

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, टोकाकडूनच. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “कुडाळकडची वांगी लांबट असतात का विचार.”